अँटासिडच्या गोळीतील कार्बोनेट मोजताना: बॅक टायट्रेशन, पायरीपायरीने

हे प्रॅक्टिकल बी.एस्सी. आणि फार्मसीच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे होते, तरी एकाच वर्गात, एकाच पाकिटातील गोळ्यांवर ४२० पासून ९९० मिलिग्रॅमपर्यंत उत्तरे येतात. गोळीत दोष नसतो आणि ब्युरेटही बहुतेक वेळा ठीक असते. गडबड होते ती क्रमात: ॲसिड किती लागेल याचा हिशेब न करता गोळी फ्लास्कमध्ये टाकली जाते, द्रावण नीट उकळले जात नाही, आणि शेवटी जुळवायचे ते सोडून भलतेच आकडे जुळवले जातात.

कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात विरघळत नाही. ॲसिडशी त्याची अभिक्रिया पूर्ण होते, पण शेवटचे कण सावकाश विरघळतात, म्हणून ब्युरेटमधून थेंब थेंब ॲसिड सोडून नेमका अंत्यबिंदू पकडता येत नाही. त्याऐवजी मोजून जास्तीचे ॲसिड घालायचे, कार्बोनेटला हवे तेवढे खाऊ द्यायचे आणि उरलेले ॲसिड सोडियम हायड्रॉक्साइडने मोजायचे. उत्तर वजाबाकीतून येते हे मनात पक्के ठेवा. NaOH जास्त लागले तर कार्बोनेट कमी, NaOH कमी लागले तर कार्बोनेट जास्त.

## १. आधी पाकीट वाचा

या पद्धतीला फक्त कॅल्शियम कार्बोनेट असलेली, शक्यतो पांढरी गोळी घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच अँटासिड गोळ्यांमध्ये ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असते. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडही ॲसिड खाते आणि ते तुमच्या हिशेबात कार्बोनेट म्हणून जमा होते. ॲल्युमिनियमची गोष्ट आणखी वेगळी आहे. ते ॲसिडमध्ये विरघळते, पण NaOH घालू लागल्यावर पांढऱ्या, बुळबुळीत साक्याच्या रूपाने परत खाली बसते आणि खाल्लेल्या ॲसिडइतकेच NaOH गिळून टाकते. फ्लास्कमध्ये असा साका दिसला तर गोळीची निवड चुकली आहे, तुमचा हात नाही.

सोडा आणि सायट्रिक ॲसिड असलेल्या फसफसणाऱ्या पुड्या-गोळ्याही इथे चालत नाहीत. चघळायच्या आंबट गोळीत चवीसाठी सायट्रिक ॲसिड असेल तर तेही NaOH खाते आणि उत्तर कमी येते.

तपासा: पाकिटावरचा आकडा कॅल्शियम कार्बोनेटचा आहे की कॅल्शियमचा? ५०० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम साधारण २०० मिग्रॅच असते. '५०० मिग्रॅ कॅल्शियम' लिहिलेल्या गोळीत कार्बोनेट १२५० मिग्रॅ असू शकते. इथे घोटाळा झाला तर पुढचा सगळा हिशेब अडीचपट चुकतो.

## २. वजन करण्याआधी ॲसिडचा हिशेब

बहुतेकांचे प्रॅक्टिकल इथेच फसते, म्हणून थोडे थांबून पाहू.

```
CaCO₃ + 2HCl → CaCl₂ + H₂O + CO₂
```

एक मोल कार्बोनेटला दोन मोल ॲसिड लागते. कार्बोनेटचे रेणुभार १००.०९, म्हणून ५०० मिग्रॅ म्हणजे जवळपास ५ मिलिमोल, आणि त्याला ॲसिड हवे १० मिलिमोल. ०.१ मोलर ॲसिडच्या ५० मिलिमध्ये ॲसिड असते फक्त ५ मिलिमोल. म्हणजे अख्खी गोळी ५० मिलि ०.१ मोलर ॲसिडमध्ये टाकली तर सगळे ॲसिड संपते, अर्धे कार्बोनेट तसेच राहते आणि मागे मोजायला काही उरतच नाही. याची खूण अगदी स्पष्ट असते: फिनॉल्फ्थॅलीन टाकताच किंवा NaOH च्या पहिल्या एक-दोन थेंबांतच द्रावण गुलाबी होते. अशा वेळी 'रीडिंग ०.१ आले' असे वहीत लिहू नका. तो फ्लास्क बाजूला ठेवा आणि कमी भुकटी घेऊन नव्याने सुरू करा.

योग्य प्रमाण असे: सुमारे अर्धे ॲसिड वापरले जावे आणि अर्धे उरावे. ५० मिलि ०.१ मोलर ॲसिड घेणार असाल तर फ्लास्कमध्ये कार्बोनेट १०० ते ११० मिग्रॅ असावे. ५०० मिग्रॅची गोळी सव्वा ग्रॅम भरत असेल तर त्यासाठी भुकटी ०.२५ ते ०.२८ ग्रॅम लागते. मग उरलेल्या ॲसिडला NaOH २७-२९ मिलि लागेल. ब्युरेटही एकदाच भरावी लागते आणि वजाबाकीचे दोन्ही आकडे भक्कम राहतात. भुकटी फार थोडी घेतली तर दोन मोठ्या आकड्यांची छोटी वजाबाकी होते, आणि ब्युरेट वाचण्यातली बारीकशी चूकही उत्तरात मोठी दिसते.

## ३. द्रावणे तयार ठेवा

NaOH: साधारण ०.१ मोलर, पण किंचित जास्त, म्हणजे लिटरला ४.१ ते ४.२ ग्रॅम. ॲसिडपेक्षा NaOH पातळ असेल तर ब्लँकला, म्हणजे भुकटी न घातलेल्या नुसत्या ॲसिडच्या फ्लास्कला, ५० मिलिपेक्षा जास्त लागते आणि ब्युरेट मध्येच भरावी लागते. पाणी उकळून थंड केलेले डिस्टिल्ड घ्या. साध्या उघड्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड असतो.

वजनावरून काढलेल्या मोलॅरिटीवर विसंबू नका. NaOH चे दाणे तराजूवर ठेवताच ओल धरतात. त्याची खरी ताकद पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने काढा. ते ११० ते १२० अंशांवर एक-दोन तास वाळवून, डेसिकेटरमध्ये थंड करून वापरायचे. समजा ०.४४९५ ग्रॅम घेतले आणि NaOH २१.७५ मिलि लागले:

```
४४९.५ ÷ २०४.२२ = २.२०११ मिलिमोल
२.२०११ ÷ २१.७५ = ०.१०१२ मोलर
```

थॅलेट नसेल तर ऑक्झॅलिक ॲसिड चालते, पण ते ओव्हनमध्ये वाळवू नका. त्यातले स्फटिकजल उडते आणि रेणुभार बदलतो.

HCl: ०.१ मोलरच्या आसपास. याची अचूक मोलॅरिटी काढली नाही तरी चालते, कारण ब्लँक ते काम करतो. मात्र ब्लँक आणि सगळे नमुने यांना एकाच बाटलीतले ॲसिड हवे. सौम्य करताना ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये नाही. चष्मा लावूनच सगळे काम करा.

इंडिकेटर: फिनॉल्फ्थॅलीन, प्रत्येक फ्लास्कला तीन थेंब. एकात तीन आणि दुसऱ्यात दहा असे नको.

## ४. गोळ्या कुटणे आणि वजन

किमान ५ गोळ्या एकत्र तोला आणि सरासरी काढा. पुढच्या उदाहरणात ५ गोळ्यांचे वजन ६.२८० ग्रॅम आहे, म्हणजे एक गोळी १.२५६ ग्रॅम. मग सगळ्या गोळ्या खलात घालून मैद्यासारख्या बारीक करा. बोटांत चोळल्यावर खडा लागता कामा नये. जाड कण राहिला की तो आतून कोरडाच राहतो, ॲसिड त्याच्या पोटापर्यंत लवकर पोचत नाही.

गोळीचा तुकडा मोडून तोलणे टाळा. गोळीत कार्बोनेटखेरीज साखर, स्टार्च, टाल्कही असते, आणि तुकडा सबंध गोळीचा प्रतिनिधी असेलच याची खात्री नसते.

भुकटी छोट्या वजनबाटलीत घ्या, बाटली तोला, भुकटी कोरड्या कॉनिकल फ्लास्कमध्ये झटका आणि बाटली पुन्हा तोला. फरक म्हणजे फ्लास्कमध्ये खरोखर गेलेली भुकटी. कागदावर तोलून कागद झटकला तर पांढरी धूळ कागदाच्या घडीला चिकटून राहते, आणि वहीत मात्र ती फ्लास्कमध्ये गेलेली असते.

तीन फ्लास्क करा. तिन्हींत वजन हुबेहूब सारखे असण्याची गरज नाही. ०.२५०० ग्रॅम नेमके भरावे म्हणून चमच्याने भुकटी काढत-घालत बसण्यात वेळ जातो आणि भुकटी सांडते. जे वजन आले ते चार दशांशांपर्यंत लिहा आणि फ्लास्कवर नंबर टाका.

## ५. ॲसिड घालणे

आधी धुण्याच्या बाटलीतून १० मिलिभर पाणी फ्लास्कच्या मानेवरून फिरवत सोडा. मानेला चिकटलेली भुकटी खाली येते आणि सगळी भुकटी ओली होते. कोरड्या भुकटीवर एकदम ॲसिड पडले तर फेस उसळून कण वर उडतात.

मग २५ मिलि पिपेटने दोनदा, एकूण ५०.०० मिलि ॲसिड, भिंतीवरून हळू सोडा. पिपेटच्या टोकात उरलेला शेवटचा थेंब फुंकून काढायचा नाही. टोक भिंतीला टेकवून काही सेकंद थांबा, पुरे. इथे मेजरिंग सिलिंडर चालणार नाही. त्यात अर्ध्या मिलिची चूक सहज होते, आणि ती अर्धी मिलि उत्तरात गोळीमागे ११-१२ मिग्रॅ होऊन उतरते.

चौथ्या फ्लास्कमध्ये भुकटी न घालता तेवढेच पाणी आणि तेवढेच ५०.०० मिलि ॲसिड घ्या. हा तुमचा ब्लँक. पुढे जे जे नमुन्यांना कराल ते ते त्यालाही करा.

## ६. उकळणे

फेस थांबला म्हणजे काम झाले असे नाही. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बराचसा पाण्यात विरघळून बसतो. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग बदलायच्या आधी तोही NaOH खातो, रीडिंग फुगते आणि कार्बोनेट कमी दिसते. स्वतःच तयार केलेला वायू स्वतःच्याच उत्तरातून वजा होतो!

फ्लास्कच्या तोंडात छोटी काचेची नरसाळी ठेवा आणि मंद आचेवर द्रावण उकळीला येऊ द्या. उकळी आल्यावर ५ मिनिटे. भांडे उसळू नये म्हणून काचेचे दोन-तीन मणी टाका. नरसाळीमुळे वाफ परत खाली येते आणि ॲसिड उडून जात नाही. द्रावण आटेपर्यंत उकळू नका. ॲसिड उडाले तर NaOH कमी लागते आणि कार्बोनेट फुकट जास्त दिसते.

उकळल्यावर तळाशी थोडा गढूळपणा राहिला तर घाबरू नका. टाल्क आणि स्टार्च विरघळत नाहीत, पृष्ठभागावर मॅग्नेशियम स्टिअरेटचा तेलकट पापुद्राही तरंगतो.

तपासा: फ्लास्क उजेडासमोर धरा आणि तळाच्या कणांकडे नीट बघा. एखाद्या कणापासून बारीक बुडबुड्यांची माळ वर येत असेल तर ते अजून कार्बोनेट आहे. आणखी काही मिनिटे गरम करा. माळ नसेल तर उरले ते गोळीचे भरणच.

आता नरसाळी आणि फ्लास्कची आतली भिंत उकळून थंड केलेल्या पाण्याने धुऊन ते पाणी फ्लास्कमध्येच घ्या. नरसाळी तशीच ठेवून फ्लास्क नळाखाली थंड करा. गरम द्रावणात रंगबदल वेगळ्या ठिकाणी होतो, म्हणून घाई नको. पण उघडा फ्लास्क दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवूही नका.

## ७. टायट्रेशन

ब्युरेट आधी पाण्याने, मग दोनदा थोड्या NaOH ने धुवा. भरल्यावर टोकातला बुडबुडा जोरात सोडून काढा आणि वरची नरसाळी काढून ठेवा. तिच्यातून नंतर पडलेला एक थेंब रीडिंग बिघडवतो.

ब्लँकने सुरुवात करा. एकतर NaOH पुरते की नाही ते कळते, दुसरे म्हणजे नितळ द्रावणात अंत्यबिंदूच्या रंगाची डोळ्याला ओळख होते. तो ब्लँकचा फ्लास्क शेजारी ठेवला तर गढूळ नमुन्यात तोच फिकट रंग शोधायला सोपे जाते.

हिशेबाने २७-२९ मिलि लागणार हे माहीत आहे, म्हणून २४ मिलिपर्यंत भराभर सोडा, पुढे थेंबाथेंबाने. अंत्यबिंदू जवळ आला की पडलेल्या थेंबाभोवती गुलाबी ढग दिसतो आणि फ्लास्क फिरवताच विरतो. हा ढग विरायला वेळ लागू लागला की अर्धा अर्धा थेंब टोकावर धरून भिंतीला लावा आणि पाण्याने खाली ढकला. संपूर्ण द्रावणात अगदी फिकट गुलाबी छटा आली आणि ३० सेकंद टिकली की थांबा.

काळजी: त्यानंतर मिनिटा-दोन मिनिटांनी रंग उडाला तर पुन्हा NaOH घालू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आहे, त्याचा पाठलाग करायचा नसतो. पण दहा-पंधरा सेकंदांतच रंग पुन्हा पुन्हा उडत असेल तर कारण फ्लास्कमध्येच आहे: उकळणे अपुरे राहिले आहे.

गर्द गुलाबी झाले तर अंत्यबिंदू ओलांडला. ०.२ मिलि जास्त गेले तर या प्रमाणात गोळीमागे सुमारे ५ मिग्रॅ कार्बोनेट कमी दिसते.

## ८. हिशेब

ब्लँकला NaOH लागले ४८.६० मिलि. पहिल्या फ्लास्कमध्ये भुकटी ०.२६८० ग्रॅम आणि NaOH २७.६० मिलि.

```
कार्बोनेटने खाल्लेल्या ॲसिडइतके NaOH = ४८.६० − २७.६० = २१.०० मिलि
ॲसिड  = २१.०० × ०.१०१२ = २.१२५२ मिलिमोल
CaCO₃ = २.१२५२ ÷ २ = १.०६२६ मिलिमोल
      = १.०६२६ × १००.०९ = १०६.३६ मिग्रॅ (फ्लास्कमध्ये)
एका गोळीत = १०६.३६ × १.२५६ ÷ ०.२६८० = ४९८.५ मिग्रॅ
```

दोनने भागायचे विसरलात तर ९९७ येते. वर्गात ९९० च्या घरातली उत्तरे येतात ती इथूनच. ५०० मिग्रॅच्या गोळीचे उत्तर हजाराजवळ आले की बाकी काही शोधण्याआधी ही ओळ बघा.

आता उरलेले दोन फ्लास्क:

```
दुसरा:  ०.२५४० ग्रॅम,  २८.६५ मिलि  →  ४९९.६ मिग्रॅ
तिसरा:  ०.२७५५ ग्रॅम,  २७.०५ मिलि  →  ४९७.६ मिग्रॅ
```

सरासरी ४९८.६ मिग्रॅ. प्रश्नात कॅल्शियम कार्बोनेट नव्हे तर नुसते कार्बोनेट विचारले असेल तर ६०.०१ ÷ १००.०९ ने गुणा, २९९ मिग्रॅ येते.

इथे थांबून रीडिंगकडे पुन्हा पाहा. २७.६०, २८.६५ आणि २७.०५ ही जुळणारी रीडिंग नाहीत, दोघांत तर १.६ मिलिचा फरक आहे, आणि तरीही उत्तरे २ मिग्रॅच्या आत आहेत. नेहमीच्या टायट्रेशनची सवय इतकी घट्ट असते की मुले इथेही दोन सारखी रीडिंग येईपर्यंत प्रयोग करत बसतात, किंवा, त्याहून वाईट, तिन्ही रीडिंगची सरासरी काढून एकाच वजनाने भागतात. भुकटीचे वजन वेगळे तर रीडिंग वेगळे येणारच. सारखी रीडिंग हवीत ती ब्लँकची. नमुन्यांमध्ये जुळायला हवे ते गोळीमागचे मिलिग्रॅम. वहीत शेवटचा रकाना त्याचाच ठेवा आणि परीक्षकानेही तोच तपासावा.

## ९. उत्तर चुकले तर कुठे बघायचे

तिन्ही उत्तरे एकमेकांशी जुळतात पण सगळी कमी आहेत, तर उकळणे अपुरे झाले आहे, गोळीत सायट्रिक ॲसिड आहे किंवा तिन्ही वेळा अंत्यबिंदू ओलांडला आहे. भुकटी जाड राहिली असेल तर उत्तरे कमी तर येतातच, शिवाय विखुरतात, कारण प्रत्येक फ्लास्कमधले न विरघळलेले कण सारखे नसतात.

तिन्ही जुळतात पण सगळी जास्त आहेत, तर गोळीत कार्बोनेटशिवाय दुसरा अल्कली आहे का ते पाकिटावर पाहा, आणि नमुने ब्लँकपेक्षा जोरात किंवा जास्त वेळ उकळले का ते आठवा.

फक्त पहिलेच टायट्रेशन वेगळे आले आणि पुढची जुळली, तर ब्युरेट NaOH ने धुतली नव्हती किंवा टोकात बुडबुडा होता. हे टायट्रेशन बहुधा ब्लँकचेच असते, आणि ब्लँक चुकला तर तिन्ही उत्तरे एकाच बाजूला सरकतात. म्हणून ब्लँक किमान दोनदा करा.

एक मर्यादा या पद्धतीतच आहे. तिला फक्त ॲसिड किती खाल्ले गेले एवढेच कळते, ते कोणी खाल्ले हे कळत नाही. शंका असेल तर त्याच भुकटीतले कॅल्शियम ईडीटीएने वेगळे मोजा. दोन्ही पद्धतींनी काढलेले कॅल्शियम कार्बोनेट सारखे आले तर हिशेब पक्का. बॅक टायट्रेशनचे उत्तर ईडीटीएपेक्षा स्पष्टपणे जास्त आले, तर गोळीत दुसरा अल्कली आहे आणि तुमचा आकडा नुसत्या कॅल्शियम कार्बोनेटचा म्हणून लिहिता येणार नाही.